टाइल्सच्या सांध्यातली काळी रेघ

पावसाळा मुरला, की कोकणपट्टीतल्या घराघरांत अ‍ॅसिडची बाटली बाहेर निघते. बाथरूमच्या टाइल्समधल्या पांढऱ्या रेघा आधी करड्या, मग काळ्या झालेल्या असतात. बेसिनच्या कडेचं सिलिकॉन जागोजागी ठिपक्यांनी भरलेलं असतं आणि गणपतीला पाहुणे येणार असतात. मग रविवारी सकाळी नाकाला पदर किंवा रुमाल बांधून भिंतींवर अ‍ॅसिड ओतलं जातं. फेस येतो, धूर येतो, घासल्यावर रेघा पांढऱ्याशुभ्र दिसतात. दोन-तीन आठवड्यांनी त्याच रेघा पुन्हा काळ्या होतात, आणि पहिल्यापेक्षा लवकर होतात. दोष हवेला दिला जातो. हवेचा त्यात वाटा आहेच, पण बराचसा वाटा त्या रविवारच्या अ‍ॅसिडचाही असतो.

टाइल स्वतः काळी पडत नाही. तिच्यावरचा चकचकीत थर काचेसारखा असतो आणि त्यात पाणी मुरत नाही. मुरतं ते दोन टाइल्समधल्या फटीत भरलेल्या मालात. जुन्या घरांत तो बहुधा नुसता पांढरा सिमेंट असतो, नव्या घरांत पाकिटातून मिळणारं ग्राउट. दोन्हींचा पाया सिमेंटचाच. सिमेंट सुकताना त्यात डोळ्यांना न दिसणारी लाखो छिद्रं राहतात आणि त्यांतून पाणी आत ओढलं जातं. पाण्याबरोबर साबणाचा मळी, अंगावरच्या त्वचेची भुकटी, शाम्पू आणि डोक्याचं तेलही जातं. बुरशीला जगायला एवढं पुरतं. तिचे बीजाणू बाहेरून आणावे लागत नाहीत, ते हवेत बारा महिने तरंगत असतात.

बाथरूममध्ये सर्रास सापडणाऱ्या काळ्या बुरश्यांत क्लॅडोस्पोरियम आणि ऑरिओबॅसिडियम ही दोन नावं पुढे असतात. त्यांचा काळा रंग मेलॅनिनचा, म्हणजे माणसाच्या केसांना आणि कातडीला रंग देणाऱ्या द्रव्याच्याच जातीचा. तो पेशीच्या भिंतीत असतो आणि बुरशीला उन्हापासून व रसायनांपासून सांभाळतो. म्हणूनच नुसत्या साबणाने घासून डाग पुसट होतो, जात नाही. २०२१ मध्ये करोनानंतरच्या ज्या ‘काळ्या बुरशी’ने घरोघरी धास्ती घातली होती, ती म्युकरमायकोसिस. तिच्या बुरश्या वेगळ्या आणि बाथरूममधल्या रेघांशी त्यांचा संबंध नाही. तरीही या रेघा निरुपद्रवी समजू नयेत. घरातली ओल आणि बुरशी यांचा दमा व श्वसनाच्या तक्रारींशी संबंध असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शिकेत मांडलं आहे. घरात दमेकरी किंवा तान्हं मूल असेल, तर काळजी थोडी जास्त घ्यायची.

आता अ‍ॅसिडकडे येऊ. हार्डवेअरच्या दुकानात बाथरूमसाठी मिळतं ते हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड. संडास साफ करायच्या गडद निळ्या-हिरव्या द्रवांतही अनेकदा तेच असतं, फक्त सौम्य प्रमाणात. सिमेंटमध्ये चुन्याचे क्षार असतात आणि अ‍ॅसिड ते विरघळवतं. तो जोरदार फेस म्हणजे बुरशी मरत असल्याची खूण नव्हे, ती सांध्यातला चुना विरघळून जात असल्याची खूण असते. काळा थर ज्या सिमेंटला धरून बसलेला होता, ते सिमेंटच वरून खरवडलं गेल्यामुळे रेघ पांढरी दिसते. खाली उघडा पडलेला भाग मात्र पहिल्यापेक्षा खडबडीत आणि जास्त सच्छिद्र असतो. पुढच्या वेळी पाणी तिथे जास्त मुरतं आणि बुरशीला बसायला जागाही जास्त मिळते. शहाबादी किंवा कडप्प्याची फरशी असेल, तर तीही चुनखडीच आहे, तिचंही हेच होतं. लिंबू आणि व्हिनेगर हे घरगुती उपाय म्हणून सुचवले जातात. त्यांचा जोर कमी असला तरी तेही आम्लच आहेत, आणि दर आठवड्याला वापरले तर सांधा झिजतोच.

सांध्याची अवस्था ओळखायला नख पुरतं. कोरड्या सांध्यावरून नख जोराने ओढलं आणि काहीच सुटलं नाही, तर ग्राउट शाबूत आहे. बोटाला बारीक वाळू लागली, तर वरचा थर मेला आहे. नख आत रुतलं किंवा सांधा टाइलच्या पातळीपेक्षा खोल गेलेला दिसला, तर साफसफाईवर मेहनत घालवण्यात अर्थ नाही, तो सांधा नव्याने भरावा लागणार.

डोंबिवलीतल्या एका तिसऱ्या मजल्यावरच्या घराचं उदाहरण घेऊ. बाथरूम चार बाय सात फुटांचं, बेडरूमला जोडलेलं. भिंतींवर बारा बाय अठरा इंची पांढऱ्या टाइल्स, खिडकी काचेच्या पट्ट्यांची, तिच्यावर छोटा एक्झॉस्ट फॅन. घरात चार माणसं, सकाळी सहा ते साडेआठ आंघोळी. पाच पावसाळे दर महिन्याला अ‍ॅसिड मारून झालं होतं. गवंड्याला बोलावलं, तेव्हा त्याने किल्लीच्या टोकाने खालच्या दोन ओळींतले सांधे कोरून दाखवले आणि म्हणाला, “वहिनी, यात सिमेंट राहिलंय कुठे? नुसती वाळू आहे.” वरच्या ओळींतले सांधे मात्र टणक होते. म्हणजे कामाची वाटणी तिथेच झाली. वरचं साफ करायचं, खालचं उकरून भरायचं आणि बेसिनभोवतीचं सिलिकॉन बदलायचं.

साफ करायच्या आधी एक चाचणी करून घेतलेली बरी. सगळं काळं म्हणजे बुरशी असं नसतं. बोअरच्या पाण्यातलं लोह, गंजलेल्या पाइपचे डाग, केसांच्या रंगाचे ओघळ हेही सांध्यात बसतात. काळ्या रेघेवर कानकोरणीच्या कापसाने पातळ केलेल्या ब्लीचचा एक थेंब ठेवायचा. पाच मिनिटांत तो ठिपका फिका पडला, तर बहुतेक ती बुरशी आहे. तसाच राहिला, तर मळ किंवा खनिजाचा डाग आहे आणि त्यावर ब्लीच ओतत बसून उपयोग नाही.

ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. दुकानात कपडे पांढरे करण्यासाठी मिळणाऱ्या बाटल्यांवर ते नाव आणि ४ ते ६ टक्के असं प्रमाण शोधायचं. नीळ वेगळी आणि फरशी पुसायचा सुगंधी द्रवही वेगळा, त्यांनी मेलॅनिनचा रंग जात नाही. बाटलीवरची तारीखही पाहायची, कारण ब्लीच उष्णतेने आणि उजेडाने आपोआप निकामी होत जातं. वर्षभर गॅलरीत पडलेल्या बाटलीत नावापुरताच जोर उरलेला असतो. ते न मिळाल्यास ब्लीचिंग पावडर चालते. एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा पावडर ढवळून गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं नितळ पाणी घ्यायचं. हे पाणी आणि एकाला दहा या प्रमाणात पातळ केलेलं बाटलीतलं ब्लीच, दोन्हींचा जोर साधारण सारखा असतो.

यानंतर बहुतेकांची गडबड होते ती क्रमात. ब्लीच थेट मळकट भिंतीवर ओतलं, तर त्याची ताकद साबणाच्या मळीवर आणि तेलावरच खर्च होते आणि खालच्या बुरशीपर्यंत फारसं काही पोचत नाही. म्हणून आदल्या संध्याकाळी भिंत साध्या भांड्यांच्या साबणाने आणि गरम पाण्याने धुवायची. घासायच्या आधी ओली करायची, म्हणजे बीजाणू हवेत उडत नाहीत. ब्रश नायलॉनचा घ्यायचा. जुना टूथब्रश उत्तम, तारेचा ब्रश नको. तारेने ग्राउटवर ओरखडे उठतात आणि तुटलेल्या तारांचे कण गंजून नवे डाग पाडतात. मग स्वच्छ पाण्याने साबणाचा अंश धुऊन टाकायचा आणि भिंत रात्रभर सुकू द्यायची. हा सुकण्याचा टप्पा कंटाळून गाळला जातो, पण खरी गंमत त्यातच आहे. ओल्या सांध्याची छिद्रं पाण्याने भरलेली असतात, त्यांत ब्लीच शिरत नाही. कोरडा सांधा ते स्वतःहून आत ओढून घेतो.

दुसऱ्या दिवशी खिडकी उघडी, फॅन चालू, हातात रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा आणि अंगात जुने कपडे. रंगीत कपड्यावर थेंब पडला, तर तो डाग कायमचा. उभ्या भिंतीवरून द्रव दोन मिनिटांत ओघळून जातो, त्यामुळे टिश्यू पेपरच्या पट्ट्या ब्लीचच्या पाण्यात भिजवून सांध्यांवर चिकटवायच्या. तेवढ्याने सांधा पंधरा मिनिटं ओला राहतो. पट्टी सुकत आली, की वरून थोडं पुन्हा लावायचं. मग पट्ट्या काढून हलकं घासायचं आणि भरपूर पाण्याने धुवायचं. नळांच्या क्रोमला ब्लीच लागलं असेल, तर तेही लगेच धुवायचं. डोंबिवलीच्या त्या घरात वरच्या ओळींपैकी बहुतेक रेघा पहिल्याच फेरीत उजळल्या. शॉवरखालच्या कोपऱ्याला आणखी एक फेरी लागली. दोन फेऱ्यांनंतरही जी सावली राहते, ती सहसा जिवंत बुरशीची नसते, सिमेंटमध्ये खोल मुरलेल्या रंगाची असते. तिच्यासाठी तिसरी, चौथी फेरी करून काही हाती लागत नाही.

ज्यांना ब्लीचचा वास सोसत नाही, त्यांच्यासाठी औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड हा पर्याय आहे. तेही याच पद्धतीने लावायचं. काम जरा सावकाश होतं आणि रंग तितका उडत नाही, पण वास जवळजवळ नसतो.

एक गोष्ट मात्र जीवावर बेतू शकते. ब्लीच आणि अ‍ॅसिड एकत्र आले, की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात १९१५ साली ईप्रजवळच्या खंदकांवर सोडला होता तोच हा वायू. बंद बाथरूममध्ये त्यासाठी दोन वेगळ्या बाटल्या मुद्दाम मिसळाव्या लागत नाहीत. सकाळी संडासात ओतलेला द्रव भांड्यात तसाच असतो आणि दुपारी भिंतीवरचं ब्लीच ओघळून त्याला मिळतं, एवढं पुरतं. व्हिनेगरनेही तेच होतं. अमोनिया असलेल्या काच पुसायच्या द्रवाबरोबर दुसरे विषारी वायू तयार होतात. त्यामुळे ब्लीचच्या दिवशी बाथरूममध्ये दुसरी कुठलीही बाटली उघडायची नाही आणि आधी काही वापरलं असेल, तर पाणी ओतून ते पूर्ण वाहून जाऊ द्यायचं. घसा अचानक जळजळला, डोळ्यांतून पाणी आलं, तर सांडलेलं आवरत बसू नये. तडक बाहेर मोकळ्या हवेत जावं, आणि खोकला किंवा धाप थांबत नसेल तर डॉक्टर गाठावा. घरकामाला येणाऱ्या मावशींना हे सांगितलेलं असणं फार गरजेचं आहे, कारण बाटल्या बहुतेक वेळा त्यांच्याच हातात असतात आणि लेबलं इंग्रजीत.

सिलिकॉनचं गणित ग्राउटपेक्षा वेगळं. ते सच्छिद्र नसतं, पण मऊ असतं. बुरशीचे तंतू त्याच्या पृष्ठभागात रुततात, आणि कडेने ते भिंतीपासून किंचित सुटलं की मागच्या फटीतही वाढतात. बाथरूमसाठीच्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक घातलेलं असतं, पण ते पाण्याबरोबर हळूहळू निघून जातं. काही वर्षांनी उरतं ते साधं सिलिकॉन. ठिपके वरवरचे असतील, तर न पातळ केलेल्या ब्लीचमध्ये टिश्यूच्या पट्ट्या भिजवून सिलिकॉनवर दाबून बसवायच्या, वरून प्लास्टिकची पट्टी ठेवायची आणि तीन-चार तास सोडायचं. तेवढा वेळ बाथरूम कोणी वापरायचं नाही, फॅन चालू ठेवायचा. त्यानंतरही काळं दिसत असेल, तर बोट फिरवून पाहावं. पृष्ठभाग गुळगुळीत लागतो आणि डाग आतून दिसतो, अशी स्थिती असेल तर तो डाग निघणार नाही. सिलिकॉनच काढावं लागेल.

काढताना धारदार पाते कडेने दोन्ही बाजूंनी फिरवून पट्टी अखंड ओढून घेतात. खरं काम त्यानंतरचं असतं. मागे राहिलेला पातळ चिवट पापुद्रा पूर्ण खरवडावा लागतो, कारण नवं सिलिकॉन जुन्या सिलिकॉनला धरत नाही. नवी पट्टी वर्षभरात सुटते, तिच्या मागे पाणी साचतं आणि काळी रेघ परत येते, याचं कारण बहुतेक वेळा हा पापुद्राच असतो. उघडी झालेली फट ब्लीचने पुसायची, धुवायची आणि निदान एक दिवस सुकवायची. भरायच्या आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यायची. फटीच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावायचा, गनने एकसारखी धार सोडायची, साबणाच्या पाण्यात बुडवलेलं बोट एकदाच, न थांबता फिरवायचं आणि वर साय धरायच्या आत टेप काढून टाकायचा. साय दहाएक मिनिटांत धरते, त्यामुळे टेप नंतर काढू म्हणून चहाला गेलेल्या माणसाची कड फाटते.

ट्यूब घेताना वास विचारावा. व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारं सिलिकॉन टाइल आणि काचेला चांगलं चिकटतं, पण सुकताना आम्ल सोडतं. त्यामुळे संगमरवराला आणि आरशाच्या मागच्या मुलाम्याला ते मानवत नाही, तिथे ‘न्यूट्रल’ लिहिलेलं घ्यायचं. सिलिकॉन सुकतं ते हवेतल्या ओलाव्यामुळे, म्हणून पावसाळी हवा त्याला अडचणीची नसते. अडचण असते ती आतल्या ओल्या फटीची. वरून चोवीस तास पाणी लागू दिलं नाही, तर साध्या जाडीची धार पक्की होते.

डोंबिवलीच्या घरातल्या खालच्या दोन ओळी गवंड्याने हाताच्या करवतीसारख्या हत्याराने उकरल्या. पूर्ण खोलीपर्यंत जायची गरज नसते, पण सांध्याच्या निम्म्याहून जास्त खोली मोकळी व्हायला हवी. वरवर लिंपलेलं नवं ग्राउट काही महिन्यांत पापुद्र्यासारखं सुटून येतं. इथे एक निवड करावी लागते. सिमेंटचं ग्राउट स्वस्त, भरायला सोपं, पण पुन्हा सच्छिद्रच. त्यावर पाणी न शोषणारा सीलर लावता येतो. सांध्यावर पाण्याचा थेंब टाकला आणि तो गोल राहिला, तर सीलर काम करतोय. थेंब मुरून सांधा गडद झाला, तर नवा हात द्यायची वेळ झाली. दुसरा पर्याय इपॉक्सीचा. दोन भाग मिसळून तो तयार होतो, सुकल्यावर जवळजवळ पाणी शोषत नाही आणि अ‍ॅसिडलाही बराच दाद देत नाही. पण मिसळल्यावर तो थोड्याच वेळात घट्ट होतो, उकाड्यात तर आणखी लवकर. टाइलवर राहिलेला त्याचा चिकट थर वेळेत पुसला नाही, तर नंतर निघता निघत नाही. म्हणून इपॉक्सी आधी केलेला कारागीरच बोलवावा, नुसता टाइल्सवाला पुरत नाही. आणि इपॉक्सी लावला म्हणजे बुरशी येणार नाही असंही नाही. साबणाची मळी त्यावरही बसते आणि मळीवर बुरशी वाढते. फरक एवढाच, की ती वरच राहते आणि पुसली की जाते.

भिंत आणि जमीन जिथे मिळतात, तो कोपरा बहुतेक गवंडी ग्राउटनेच भरतात. तिथे दोन पृष्ठभाग किंचित हलत असतात आणि कडक ग्राउटला केसाएवढी चीर पडते. त्या कोपऱ्यात सिलिकॉनच हवं. हा एवढा बदल सांगून करून घेतला, तर सगळ्यात हट्टी काळी रेघ कमी होते.

आता परत येऊ नये म्हणून काय करायचं? बुरशी किती वाढेल, हे सांधा रोज किती तास ओला राहतो यावर सर्वात जास्त ठरतं. किती वेळा घासलं, कोणता द्रव वापरला, याला त्यामानाने दुय्यम महत्त्व आहे. पृष्ठभागालगतच्या हवेतली सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर बराच काळ टिकली, की बहुतेक बुरश्यांना वाढायला जमतं. नागपुरात मे महिन्यात आंघोळीनंतर भिंत बघता बघता सुकते, म्हणून तिथे उन्हाळ्यात हा त्रास जवळजवळ दिसत नाही. मुंबईत जुलैमध्ये बाहेरचीच आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास असते. अशा वेळी ‘खिडकी उघडी ठेवा’ हा सल्ला अर्धाच खरा आहे. खिडकीतून वाफ बाहेर जाते, पण आत येणारी हवाही ओलीच असते.

म्हणून सगळ्यात स्वस्त आणि परिणामकारक वस्तू म्हणजे रबरी पात्याचा वायपर. काच पुसायचा छोटा वायपर खुंटीला अडकवून ठेवायचा आणि शेवटच्या माणसाने आंघोळीनंतर भिंती वरून खाली ओढायच्या. भिंतीवर चिकटून राहिलेलं पाणी हवेने सुकवायला तासन्‌तास लागतात, वायपर तेच पाणी दोन मिनिटांत नाळीत घालवतो. डोंबिवलीच्या घरात साडेआठला शेवटची आंघोळ झाल्यावर सांधे दुपारी तीनलाही गडद दिसायचे आणि संध्याकाळी ऑफिसहून आलेली माणसं पुन्हा आंघोळ करायची. म्हणजे पावसाळाभर ते सांधे कधी सुकतच नव्हते. वायपर सुरू झाल्यावर ते दुपारच्या जेवणाआधी फिकट दिसू लागले. ओला सांधा गडद आणि कोरडा फिकट दिसतो, त्यामुळे हे मोजायला कुठल्याही यंत्राची गरज नाही.

एक्झॉस्ट फॅनबद्दल बरेच गैरसमज आहेत. फॅन हवा बाहेर फेकतो, पण तेवढीच हवा आत यायला वाट हवी. दार घट्ट बंद आणि त्याखाली फट नाही, तर फॅन नुसता आवाज करत फिरतो. दाराच्या तळाशी टिश्यूचा तुकडा धरावा. तो आतल्या बाजूला ओढला गेला, तर हवा खेळते आहे. फॅनच्या अगदी खाली खिडकीची पट्टी उघडी असेल, तर दुसरीच गंमत होते. बाहेरची ओली हवा खिडकीतून येते आणि लगेच फॅनमधून बाहेर जाते, खालच्या ओल्या कोपऱ्यांना तिचा स्पर्शही होत नाही. अशा वेळी खिडकी बंद करून दार अर्धं उघडं ठेवावं, म्हणजे घरातली तुलनेने कोरडी हवा जमिनीवरून ओढली जाते. आंघोळीनंतर अर्धा तास फॅन चालू राहिला पाहिजे. आपल्याकडे मात्र माणूस बाहेर पडतो, दिवा आणि फॅन एकदम बंद करतो आणि वर दारही लावून घेतो. बाथरूमचं दार उघडं ठेवणं वाईट दिसतं, या समजुतीने घरातले सगळ्यात ओले चौरस फूट दिवसभर कोंडून ठेवले जातात.

डोंबिवलीच्या त्या घरात एक कोडं तरीही राहिलं होतं. बेडरूमच्या बाजूच्या भिंतीवर, शॉवरपासून लांब, खांद्याच्या उंचीवर काळे ठिपके यायचे. तिथे पाणी उडत नव्हतं. पलीकडे बेडरूममध्ये एसी लावलेला होता आणि रात्रभर चोवीस अंशांवर चालायचा. मधली भिंत साडेचार इंची विटांची. पावसाळ्यात मुंबई परिसरातल्या हवेचा दवबिंदू पंचवीस अंशांच्या जवळपास असतो, म्हणजे त्याहून थंड पृष्ठभागावर हवेतलं पाणी थेंब होऊन बसतं. गरम पाण्याने आंघोळ झाल्यावर बाथरूममधल्या हवेचा दवबिंदू आणखी वर जातो. रात्रभर गार झालेल्या त्या भिंतीवर सकाळच्या पहिल्या आंघोळीची वाफ जमत होती. उपाय साधा निघाला. एसी दोन अंशांनी वाढवला, सकाळी पहिल्या आंघोळीआधी तो बंद करायचं ठरलं आणि त्या भिंतीलाही वायपरच्या फेरीत घेतलं. घरातल्या सासूबाईंना आधी हे पटलं नाही. “अगं, एसी तिकडे आणि बुरशी इकडे?” त्यांनी सकाळी सहाला त्या भिंतीवर हात फिरवला आणि ओला तळवा सुनेला दाखवला.

पावसाळ्यात कपडे बाथरूममध्ये वाळत घालायची सवय हा आणखी एक मोठा स्रोत. पिळलेल्या कपड्यांतलं पाणी शेवटी त्याच हवेत जातं आणि तिथून सांध्यांत. जागा नसेल तर निदान पंख्याखाली बैठकीच्या खोलीत दोरी बांधावी, किंवा एसीच्या खोलीत, जिथे यंत्र पाणी बाहेर काढून टाकतं. साबण ठेवायच्या डब्या, शाम्पूच्या बाटल्यांचे तळ आणि ओल्या चटया यांच्या खालीही सांधा कधी सुकत नाही. भिंतीला चिकटलेली बाटली उचलून पाहिली, तर तिच्या तळाचा गोल आकार काळा उमटलेला दिसतो.

कधी कधी हे सगळं करूनही एकाच जागी काळं परत येतं, आणि तेही आठवड्यात. मग पाणी मागून येत असण्याची शक्यता असते, भिंतीतला पाइप गळत असतो किंवा वरच्या मजल्यावरचं वॉटरप्रूफिंग गेलेलं असतं. दोन दिवस बाथरूम अजिबात वापरायचं नाही, शक्य असेल तर बाकीच्यांनी दुसरं वापरायचं. सगळे सांधे फिकट झाले आणि एकच पट्टा गडद राहिला, तर तो पुरावा आहे. भिंतीच्या दुसऱ्या बाजूला रंग फुगला असेल, पांढरी भुकटी उमलली असेल, तर संशय पक्का समजावा. वरच्या घराशी बोलताना हा गडद पट्टा मोबाइलवर टिपून ठेवलेला उपयोगी पडतो, कारण सोसायटीच्या बैठकीत ‘आमच्याकडून गळत नाही’ हेच पहिलं वाक्य असतं. गळती थांबेपर्यंत ग्राउट, सिलिकॉन, ब्लीच यावर खर्च करू नये.

उकरून भरायचं काम असेल, तर ते फेब्रुवारी ते मे या काळात उरकावं. सीलरला आणि इपॉक्सीला सांधा खरोखर कोरडा लागतो, जुलैमध्ये तो कोरडा करायला हेअर ड्रायर घेऊन बसावं लागतं, आणि चांगला कारागीर जून उजाडला की गळक्या गच्च्यांच्या मागे असतो. तोपर्यंत नख ओढून, थेंब टाकून कुठले सांधे गेलेत ते पेन्सिलीने खुणा करून ठेवले, तर त्याच्याकडून कामाचा अंदाज फोनवरही घेता येतो.